खातं एकाचं, बदनामी साऱ्यांची

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतला, यंत्रांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम कारखाना डोळ्यांपुढे आणा. साठ-सत्तर कर्मचाऱ्यांची ईमेल खाती आहेत आणि मेल सर्व्हर कारखान्याचा स्वतःचाच आहे. सोमवारी सकाळी सव्वानऊला विक्री विभागातून तक्रार येते, की नेहमीच्या ग्राहकाला पाठवलेलं दरपत्रक परत आलं. पाठोपाठ दुसरी, मग तिसरी. परत आलेल्या प्रत्येक मेलच्या तळाशी साधारण अशी एक ओळ असते:

```
554 5.7.1 Service unavailable; Client host [198.51.100.25]
blocked using zen.spamhaus.org
```

अर्थ सरळ आहे. ग्राहकाच्या सर्व्हरने कारखान्याचा मेल उघडूनही पाहिला नाही. तो कुठल्या आयपी पत्त्यावरून आला एवढं पाहिलं, तो पत्ता स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीत सापडला आणि दारातूनच परत लावला. विक्री विभागातल्या कुणी काहीही चूक केलेली नाही. चूक लेखा विभागाच्या एका खात्यात झाली आहे, पण सगळ्या खात्यांची पत्रं त्याच एका पत्त्यावरून बाहेर पडतात. म्हणून शिक्षा सगळ्यांना.

हे उदाहरण मांडणीसाठी रचलेलं आहे आणि त्यातले आयपी व ईमेल पत्तेही नमुन्याचे आहेत. त्यातली प्रत्येक पायरी मात्र अशा घटनांत नेहमी दिसते. सर्व्हरवर पोस्टफिक्स हे सॉफ्टवेअर चालतं असं धरू. विट्झे वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेलं आणि १९९८मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं हे सॉफ्टवेअर आजही जगभर असंख्य सर्व्हरवर चालतं. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर आज्ञा बदलतील, पण कामांचा क्रम बदलणार नाही. अशा प्रसंगात सगळं त्या क्रमावरच ठरतं.

आधी गळती थांबवा

पहिला मोह होतो तो ब्लॉकलिस्टच्या संकेतस्थळावर जाऊन 'आमचं नाव काढा' असा अर्ज भरण्याचा. तो आवरायला हवा. स्पॅम अजून वाहत असताना नाव निघालं, तर काही तासांत ते पुन्हा चढतं, आणि दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्याकडे यादीवाले अधिक संशयाने पाहतात.

दुसरा मोह रांग पुसून टाकण्याचा. पोस्टफिक्स बाहेर जाणारा प्रत्येक मेल आधी स्वतःच्या डिस्कवर लिहून ठेवतो आणि मग पोचवायला घेतो. समोरचा सर्व्हर 'आत्ता नको, नंतर या' म्हणाला, की तो मेल थांबलेल्यांच्या रांगेत जातो. या रांगेत स्पॅम आहे, तशीच कालपासून अडकलेली खरी बिलं आणि दरपत्रकंही आहेत. शिवाय नेमकं काय घडलं याचा सर्वांत चांगला पुरावाही इथेच आहे. सगळं पुसलं तर तिन्ही गोष्टी एकदम जातात.

म्हणून सुरुवात फक्त बाहेरचा प्रवाह रोखण्यापासून होते. पोस्टफिक्सला तसं दोन ओळींत सांगता येतं:

```
postconf -e 'defer_transports = smtp'
postfix reload
```

यानंतर बाहेर जाणारे मेल रांगेत थांबून राहतात. आत येणारे मेल कर्मचाऱ्यांना मिळत राहतात, म्हणून काम पूर्ण बंद पडत नाही. आता घाई न करता शोध घेता येतो.

चोर आत आहे की फक्त नाव वापरतोय?

पुढचा प्रश्न बरेच जण विचारायचाच विसरतात: हे मेल खरोखर आपल्याच सर्व्हरवरून गेले का? ईमेल पोचवण्याचे मूळ नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२मध्ये लिहिले, तेव्हा 'प्रेषक' म्हणून लिहिलेला पत्ता खराच आहे का हे तपासण्याची सोय त्यात नव्हती. त्यामुळे कुणीही, कुठूनही, आपल्या पत्त्याच्या नावाने मेल सोडू शकतो. तसं झालं असेल, तर 'पोचला नाही' अशा सूचनांचा ढीग आपल्याकडे येतो, पण आपल्या सर्व्हरच्या नोंदींत ते मेल गेल्याचं कुठेच दिसत नाही. तिथे दुरुस्ती वेगळी असते. आपल्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात ते जाहीर करणाऱ्या नोंदी, म्हणजे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क, नीट कराव्या लागतात.

इथे तसं नाही. यादीत कारखान्याचा स्वतःचा आयपी पत्ता आहे, म्हणजे मेल इथूनच गेले. ते दोन-तीन वाटांनी जाऊ शकतात. कंपनीच्या संकेतस्थळावरचा 'संपर्क साधा' फॉर्म फोडला असेल, तर नोंदींत मेल देणारा म्हणून वेब सर्व्हरचं खातं दिसतं. सर्व्हर कुणाचेही मेल पासवर्ड न विचारता पुढे पाठवत असेल, तर नोंदींत लॉगिनच दिसत नाही. आणि एखाद्याचा पासवर्ड चोरीला गेला असेल, तर प्रत्येक मेलच्या नोंदीत त्या खात्याचं नाव लिहिलेलं असतं. अशी:

```
postfix/submission/smtpd[2231]: 4F2A1C0D3E:
client=unknown[203.0.113.77], sasl_method=LOGIN,
sasl_username=accounts@example.com
```

(प्रत्यक्षात ही एकच लांब ओळ असते.) यातल्या शेवटच्या भागात गुन्ह्याचं मूळ असतं. कुठल्या खात्याने किती वेळा मेल दिले हे मोजायला एवढं पुरतं:

```
grep -o 'sasl_username=[^,]*' /var/log/mail.log \
 | sort | uniq -c | sort -rn | head
```

उत्तर बहुतेक वेळा डोळ्यांत भरतं. बाकीच्या खात्यांपुढे वीस, चाळीस, नव्वद असे आकडे आहेत आणि लेखा विभागाच्या खात्यापुढे ११,४००. पहिली नोंद रविवारी पहाटे दोनची. साप्ताहिक सुट्टीची वेळ चोरांच्या सोयीची असते, कारण सोमवारपर्यंत कुणी पाहत नाही.

मेलची संख्या एवढ्याने नुकसानीचा अंदाज येत नाही. एकाच मेलला अनेक प्राप्तकर्ते असू शकतात आणि नोंदींत त्यांची संख्या `nrcpt` या शब्दापुढे असते. आपल्या उदाहरणात प्रत्येक मेल वीस जणांना आहे, म्हणजे पत्रं ११,४०० असली तरी पत्ते सव्वादोन लाखांच्या पुढे गेले. ब्लॉकलिस्टवाले पोचलेल्या प्रती पाहतात, त्यामुळे तिकडे दिसणारं चित्र आपल्या पहिल्या मोजणीपेक्षा वीसपट मोठं असतं.

आता त्या खात्यावर लॉगिन करणाऱ्यांचे आयपी पत्ते पाहिले, की आणखी एक गोष्ट कळते. ते शेकड्यांनी आहेत, निरनिराळ्या देशांतले आहेत आणि प्रत्येकावरून थोडेच मेल गेले आहेत. चोरांकडे दुसऱ्यांच्या संसर्ग झालेल्या संगणकांचं जाळं असतं आणि ते काम वाटून घेतात. म्हणून 'एका आयपीवरून तासाला इतकेच मेल' अशी मर्यादा सर्व्हरवर असूनही ती ओलांडली गेली नाही. एक खातं दहा मिनिटांत चार खंडांतून लॉगिन होतंय, हीच खूण ठाम असते.

लेखा विभागातल्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणतात, "अहो, मी शनिवारी दुपारीच घरी गेले. मी काही पाठवलं नाही." त्यांचं खरं आहे. पुढचा प्रश्न नीट विचारावा लागतो: "मॅडम, गेल्या आठ-पंधरा दिवसांत मेलबॉक्स भरलाय, पासवर्ड संपतोय, असा काही मेल आला होता का? त्यातल्या लिंकवर कुठे पासवर्ड घातला होता का?" दरडावून विचारलं तर उत्तर 'नाही' असंच येतं आणि पासवर्ड कुठून गेला ते कळत नाही. बनावट पान, हाच पासवर्ड वापरलेलं दुसरं एखादं फुटलेलं संकेतस्थळ, संगणकात बसलेलं पासवर्डचोर सॉफ्टवेअर किंवा अगदीच सोपा पासवर्ड, बहुधा या चारांपैकी एक कारण असतं. तिसरं असेल तर नवा पासवर्ड त्याच संगणकावर टाकून काही उपयोग नाही, तोही चोरीला जाईल. म्हणून नवा पासवर्ड स्वच्छ संगणकावरूनच ठेवायचा.

असं खातं चोरांना इतकं मोलाचं का वाटतं? त्यातून गेलेला स्पॅम दिसायला अस्सल असतो. तो कारखान्याच्याच सर्व्हरवरून निघतो, म्हणून एसपीएफची तपासणी उत्तीर्ण होतो. सर्व्हरच त्यावर डीकेआयएमची सही ठोकतो. वर्षानुवर्षं सचोटीने मेल पाठवून मिळवलेली पत चोर एका रात्रीत खर्च करून टाकतो.

पासवर्ड बदलला तरी चोर आतच

खातं सापडलं, की पासवर्ड बदलायचा. बरेच जण इथेच थांबतात आणि तासाभराने नोंदींत तेच खातं पुन्हा पाहून चक्रावतात. कारण असं, की सर्व्हर पासवर्ड फक्त जोडणीच्या सुरुवातीला विचारतो. जुन्या पासवर्डने आधीच उघडलेली जोडणी तुटत नाही, तोवर तिच्यावरून मेल येत राहतात. शिवाय वेग वाढावा म्हणून काही सर्व्हर बरोबर ठरलेला पासवर्ड थोडा वेळ लक्षात ठेवतात, तेवढ्या अवधीत जुना पासवर्डही चालून जातो.

म्हणून पासवर्डनंतर तीन गोष्टी करायच्या. पासवर्डची लक्षात ठेवलेली नोंद पुसायची, मेलबॉक्स वाचणाऱ्या चालू जोडण्या तोडायच्या आणि पोस्टफिक्स पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायचा. मेल वाचण्यासाठी डव्हकॉट वापरत असाल, तर ते असं होतं:

```
doveadm auth cache flush accounts@example.com
doveadm kick accounts@example.com
postfix stop && postfix start
```

नुसतं `reload` इथे पुरत नाही. त्यात चालू प्रक्रियांना हातातलं काम संपवू दिलं जातं, आणि चोराची उघडी जोडणी हेच ते हातातलं काम असतं.

मग मेलबॉक्सच्या आत पाहायचं. चोर बरेचदा एखादा नियम ठेवून जातो. 'पोचला नाही' अशा सूचना थेट कचऱ्यात टाक, म्हणजे मालकाला कळू नये. किंवा 'बिल', 'पेमेंट' हे शब्द असलेला प्रत्येक मेल अमुक पत्त्यावर पाठव. पासवर्ड बदलल्याने हे नियम जात नाहीत. वेबमेलमधलं नाव, उत्तराचा पत्ता आणि सहीसुद्धा बदललेली असू शकते, तेव्हा तेही तपासायचं.

डव्हकॉटच्या नोंदींत एक गोष्ट आवर्जून शोधायची: त्या परक्या पत्त्यांवरून कुणी मेलबॉक्स वाचलासुद्धा आहे का? फक्त मेल पाठवण्यासाठी लॉगिन झालं असेल, तर तो स्पॅमचा धंदा आहे. मेलबॉक्स उघडून वाचला असेल, तर प्रकरण वेगळं आणि गंभीर. लेखा विभागाच्या पेटीत कुणाकडून किती येणं आहे, कुठलं बिल कधी भरायचं आहे, हे सगळं असतं. पुढच्या आठवड्यात एखाद्या ग्राहकाला 'आमचं बँक खातं बदललंय' असा मेल जाऊ शकतो. अशा वेळी ग्राहकांना फोन करून सावध करायचं, मेलवर विसंबायचं नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवायची.

सरकारी बाजूही याच टप्प्यावर येते. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार, संगणक यंत्रणेत अनधिकृत शिरकाव झाल्यासारख्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. हे निर्देश कंपन्यांनाही लागू आहेत. दुसरी अट अनेकांना अडचणीत आणते, कारण डेबियनसारख्या लिनक्समध्ये मेलच्या नोंदी काही न बदलता चार आठवडेच टिकतात. त्यानंतर त्या आपोआप पुसल्या जातात. त्यामुळे तपास सुरू होताच नोंदींची प्रत दुसरीकडे काढून ठेवणं शहाणपणाचं.

रांग निवडून साफ करणं

आता थांबवलेल्या रांगेकडे वळू. पासवर्ड बदलला तरी आधीच स्वीकारलेले मेल सर्व्हरच्या डिस्कवर पडून आहेत, आणि त्यांच्या दृष्टीने पासवर्डचा प्रश्न कधीच मिटलेला आहे. पोस्टफिक्स न पोचलेला मेल साधारण पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंतच्या अंतराने पुन्हा पाठवून पाहतो आणि सर्वसाधारण मांडणीत पाच दिवस प्रयत्न सोडत नाही. म्हणजे रांग तशीच ठेवून वाट मोकळी केली, तर चोराला बाहेर काढल्यावरही पाच दिवस स्पॅम जात राहील. ब्लॉकलिस्टमधून एकदा निघालेलं नाव पुन्हा चढण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

रांगेत ३,८०० मेल आहेत असं धरा. पहिल्यांदा नमुना पाहायचा. `postqueue -p` ही आज्ञा रांग दाखवते. तिच्यातला एखादा क्रमांक घेऊन `postcat -q` दिलं, की तो मेल आतून वाचता येतो. दहा-बारा नमुने फाइलमध्ये साठवून ठेवायचे. विषय काय होता, लिंक कुठली होती, हे पुढे यादीवाल्यांना आणि तक्रार नोंदवताना सांगावं लागतं.

मग त्या खात्याचे मेल वेगळे काढायचे. थेट पुसण्याऐवजी आधी ते अडकवून ठेवायचे:

```
postqueue -j \
 | jq -r 'select(.sender=="accounts@example.com")|.queue_id' \
 | postsuper -h -
```

पहिला भाग रांगेची यादी संगणकाला वाचता येईल अशा रूपात देतो, मधला त्यातून लेखा खात्याचे क्रमांक निवडतो आणि शेवटचा ते मेल रोखून धरतो. अडकवलेल्या मेलच्या क्रमांकापुढे यादीत उद्गारचिन्ह दिसतं. ती यादी डोळ्यांखालून घालायची. रविवारी पहाटे दोनच्या आधीचे मेल बाईंचे स्वतःचे असू शकतात, ते `postsuper -H` ने मोकळे करायचे. खात्री पटली, की त्याच आज्ञेत `-h -` च्या जागी `-d - hold` घालून अडकवलेले बाकीचे पुसायचे.

इतकी सावधगिरी कशाला, असं वाटेल. तिला दोन कारणं आहेत. एक, चोराने लॉगिन लेखा खात्याने केलं असलं तरी प्रेषक म्हणून भलताच पत्ता लिहिलेला असू शकतो. तसं असेल तर प्रेषकावरून निवडलेले मेल अपुरे पडतात आणि लॉगिनच्या नोंदींतून मेलचे क्रमांक काढावे लागतात. त्यात मधे स्पॅमगाळणी बसवलेली असेल, तर मेल तिच्यातून परत आल्यावर त्याला नवा क्रमांक मिळतो, म्हणून दोन क्रमांकांची साखळी जुळवावी लागते. दोन, पोस्टफिक्सच्या सर्वसाधारण मांडणीत मेलचे क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले जातात. रविवारच्या नोंदीतला क्रमांक सोमवारी एखाद्या खऱ्या दरपत्रकाला मिळालेला असू शकतो. जुन्या यादीवरून डोळे झाकून पुसलं, तर ते दरपत्रक जाईल. आधी अडकवून, पाहून, मग पुसलं की हा धोका टळतो.

एक थर अजून उरतो. न पोचलेल्या स्पॅमबद्दलच्या सूचना सर्व्हर स्वतः तयार करतो आणि त्या रांगेत `MAILER-DAEMON` या नावाने बसतात. चोराने प्रेषक म्हणून तिसऱ्याच कुणाचे पत्ते टाकले असतील, तर या सूचना त्या निरपराध लोकांकडे जातात आणि त्यांच्या दृष्टीने तोही स्पॅमच. त्यांतही खऱ्या मेलच्या एखाददुसऱ्या सूचना असतात, म्हणून त्याही निवडूनच काढायच्या.

रांगेत आता फक्त खरे मेल उरले. वाट मोकळी करायची:

```
postconf -e 'defer_transports ='
postfix reload
postqueue -f
```

शेवटची ओळ साऱ्या रांगेला 'आत्ता पुन्हा प्रयत्न कर' असं सांगते. हीच आज्ञा सकाळी गोंधळून दिली असती, तर सगळा स्पॅम एकदम बाहेर पडला असता. पुढचा तासभर नोंदींवर नजर ठेवायची. लेखा खातं परक्या पत्त्यांवरून लॉगिनचा प्रयत्न करताना दिसेल, पण प्रत्येक वेळी नाकारलं जाईल. हे प्रयत्न काही दिवस चालू राहतात, त्याने घाबरायचं कारण नाही.

यादीतून नाव काढणं

आता ब्लॉकलिस्ट. ही कल्पना १९९७मध्ये पॉल व्हिक्सी यांच्या यादीपासून रुजली आणि पुढच्याच वर्षी स्टीव्ह लिनफर्ड यांनी स्पॅमहाउस सुरू केलं. यादी विचारण्याची पद्धत आजही तीच आहे. आयपी पत्त्याचे चार आकडे उलटे लिहायचे, त्यांच्यापुढे यादीचं नाव जोडायचं आणि संकेतस्थळाचा पत्ता शोधावा तसं डीएनएसला विचारायचं:

```
dig +short 25.100.51.198.zen.spamhaus.org
```

उत्तर आलं नाही, तर आपण यादीत नाही. `127.0.0.3` आलं, तर सीएसएस या उपयादीत आहोत. स्पॅम सुटताना आढळलेले पत्ते तिच्यात आपोआप चढतात, म्हणून फुटलेल्या मेलबॉक्सच्या प्रकरणात ती वारंवार दिसते. `127.0.0.2` म्हणजे एसबीएल, `127.0.0.4` म्हणजे संसर्ग झालेल्या यंत्रांची एक्सबीएल. एक फसवं उत्तरही असतं: `127.255.255.254`. ते पाहून अनेकजण हादरतात, पण त्याचा अर्थ एवढाच, की तुम्ही गूगलच्या `8.8.8.8` सारख्या सार्वजनिक डीएनएसमार्फत विचारलंत आणि स्पॅमहाउस अशा मार्गाने उत्तर देत नाही. आपल्या स्वतःच्या डीएनएसवरून किंवा त्यांच्या `check.spamhaus.org` या पानावर पुन्हा विचारायचं.

प्रत्येक यादीची रीत निराळी आहे. स्पॅमहाउसच्या सीएसएस आणि एक्सबीएलसाठी त्याच पानावरून स्वतः विनंती करता येते, पैसे लागत नाहीत. एसबीएलमध्ये नाव असेल, तर तुमचा अर्ज चालत नाही, ज्यांच्याकडून इंटरनेट जोडणी किंवा सर्व्हर घेतला आहे त्यांनी तो करावा लागतो. स्पॅमकॉपला अर्जाची गरजच नसते. तक्रारी थांबल्या की सुमारे २४ तासांत नाव आपोआप उतरतं. बॅराकुडाचा फॉर्म भरावा लागतो. लवकर नाव काढण्याचे पैसे मागणाऱ्याही याद्या आहेत. मोठे मेलसेवक त्यांना फारसं विचारत नाहीत आणि काही दिवसांनी नाव तसंही निघतं, तेव्हा तिथे पैसे भरू नयेत.

मायक्रोसॉफ्ट आणि गूगल यांचं गणित वेगळं आहे. त्यांच्या याद्या त्यांच्यापुरत्या असतात आणि बाहेरच्या तपासणीत दिसत नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या व्यावसायिक मेलसेवेने अडवलं असेल, तर परत आलेल्या मेलमध्येच `sender.office.com` या पानाचा उल्लेख असतो आणि तिथून विनंती करता येते. जीमेलमध्ये तशी नाव काढण्याची खिडकी नाही. तिथली पत चांगले मेल जात राहिले तरच हळूहळू सावरते. ती घसरलेली असताना मेल परत येतीलच असं नाही, ते गुपचूप स्पॅमच्या कप्प्यातही पडतात. म्हणून सगळ्या याद्या स्वच्छ दिसू लागल्यावरही आठवडा-दोन आठवडे महत्त्वाच्या ग्राहकांना 'मेल मिळाला ना?' असं फोनवर विचारणं भाग असतं. या काळात दिवाळीच्या शुभेच्छांचा किंवा नव्या दरांचा घाऊक मेल पाठवायचा नाही.

एक आडवाट इथे हमखास सुचवली जाते: सर्व्हरचा आयपी पत्ताच बदलून टाकू. नव्या पत्त्याला काहीच पत नसते, म्हणून मोठे मेलसेवक त्याच्याकडे संशयानेच पाहतात. त्यात मूळ छिद्र बुजवलेलं नसेल, तर दोन दिवसांत तोही यादीत जातो आणि आता आपले दोन पत्ते खराब होतात.

विनंती करताना काय लिहावं, हा प्रश्न नेहमी पडतो. 'आमचं काम अडलंय, कृपया लवकर नाव काढा' याचा काही परिणाम होत नाही, कारण वाचणाऱ्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: हे पुन्हा होणार नाही कशावरून? चार वाक्यं पुरतात. रविवारी पहाटे २ ते सोमवारी सकाळी ९:१५ या वेळात एका खात्याच्या चोरलेल्या पासवर्डने मेल गेले. पासवर्ड बदलून सगळ्या जोडण्या तोडल्या आहेत. रांगेतले त्या खात्याचे मेल पुसले आहेत. आता एका खात्याला तासाला इतक्याच प्राप्तकर्त्यांची मर्यादा घातली आहे.

चौथं वाक्य लिहिण्याआधी ते खरं करावं लागतं. पोस्टफिक्समध्ये आधीपासून असलेल्या मर्यादा आयपी पत्त्यावर मोजतात आणि शेकडो पत्त्यांच्या जाळ्यापुढे त्या कुचकामी ठरतात, हे आपण पाहिलं. मोजणी लॉगिनच्या नावावर हवी आणि ती मेलची नको, प्राप्तकर्त्यांची हवी. त्यासाठी पोस्टफिक्सला जोडता येणारी वेगळी मोजणी-सेवा मिळते, पोस्टएफडब्ल्यूडी ही त्यांतली एक. मर्यादा किती ठेवायची, ते आपल्या नोंदींवरूनच कळतं. लेखा विभागाने गेल्या महिन्यात सर्वाधिक गर्दीच्या तासात चाळीस जणांना मेल पाठवले असतील, तर शंभरची मर्यादा त्यांच्या कामात कधी आडवी येणार नाही. त्याच्या जोडीला दोन छोट्या गोष्टी कराव्यात: लॉगिन केलेल्याने स्वतःचाच पत्ता प्रेषक म्हणून लिहावा अशी सक्ती, आणि रांग पाचशेच्या पुढे गेली की सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या मोबाइलवर संदेश. दुहेरी पडताळणी फक्त वेबमेलला लावून समाधान मानू नये. चोर वेबमेलवर आलाच नव्हता. तो मेल पाठवण्याच्या वाटेने आला, आणि तिथे अजूनही नुसता पासवर्ड चालत असेल तर ती वाट उघडीच आहे.

पासवर्ड चोरीला जाणं पूर्णपणे थांबवता येत नाही. साठ-सत्तर माणसांत कुणीतरी, कधीतरी, बनावट पानावर तो टाकणारच. पण शंभरची मर्यादा आधीच असती, तर त्याच एकतीस तासांत सव्वादोन लाखांऐवजी फार तर तीन हजार एकशे पत्त्यांवर स्पॅम गेला असता, आणि रांगेचा संदेश रविवारी सकाळीच आला असता, तर त्याहूनही कमी. तेवढ्यावर नाव यादीत चढतंच असं नाही. चढलं तरी ते काढण्याचा अर्ज सोमवारी कामगार आत येण्याआधीच गेला असता.